पीओ नंबर नाही म्हणून बिल परत पाठवतानाचा मेल कसा लिहावा?

प्रश्न : मी अकाउंट्समध्ये नवीन आहे. पीओ म्हणजे परचेस ऑर्डरचा नंबर नसलेलं बिल परत पाठवताना आमच्याकडून हा मेल जातो : “आपले बिल अपूर्ण माहितीअभावी आमच्या प्रणालीत स्वीकारले गेलेले नाही. कृपया नियमानुसार आवश्यक ती दुरुस्ती करून लवकरात लवकर पुन्हा पाठवावे, अन्यथा पेमेंट करता येणार नाही.” पार्टी एक तर तेच बिल पुन्हा पाठवते, नाही तर फोन करून भांडते. मेल नीट कसा लिहू?

उत्तर :

पुरवठादारांची बिलं तपासण्याच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि सुरुवातीला मीही असेच मेल पाठवायचो. भाषा कडक आहे ही यातली खरी अडचण नाही. मेल उघडणाऱ्याला नेमकं काय करायचं तेच त्यात नाही. समोर बहुतेक वेळा बिलं काढणारा क्लार्क असतो. ऑर्डर त्यांच्या सेल्सच्या माणसाने घेतलेली असते आणि पीओ त्याच्या मेलमध्ये पडून असतो. क्लार्कने तो कधी पाहिलेलाही नसतो. ‘अपूर्ण माहिती’ वाचून तो बिल उघडतो, नाव, पत्ता, रक्कम सगळं जागेवर दिसतं, आणि पीडीएफ जशीच्या तशी परत येते. त्याच्या जागी तुम्हीही तेच केलं असतं.

मेल लिहायला घेण्याआधी पाच मिनिटं स्वतःकडे बघा. नंबर बिलाच्या मथळ्यात नसला तरी ‘तुमचा संदर्भ’ अशा रकान्यात, दुसऱ्या पानावर किंवा जोडलेल्या डिलिव्हरी चलनावर असू शकतो. तिथेही नसेल, तर चलन नंबरावरून स्टोअर्सला विचारा. माल आत घेताना त्यांनी तो कुठल्या तरी पीओवर चढवलेला असतो. आणि कधी कधी कळतं की पीओ निघालाच नव्हता, आपल्याच माणसाने फोनवर ऑर्डर दिली होती. मग बिल दुरुस्त करा असं पार्टीला सांगण्यात अर्थ नाही. जो नंबर अस्तित्वातच नाही तो ती कुठून छापणार? हा घोळ निस्तारायचा आपल्या परचेसने. पार्टीला एवढंच कळवायचं की बिल आमच्याकडे थांबलं आहे, पीओ नंबर अमुक व्यक्ती कळवेल.

पीओ सापडला असेल, तर तो मेलमध्ये सरळ लिहून टाका. काही ऑफिसांत ‘नंबर पार्टीनेच आणायचा’ असा बाणा असतो. चलनावरून खात्री झाली असेल तर मला त्यात फक्त आठवडा वाया जाताना दिसतो. मात्र त्याच पार्टीचे त्याच मालाचे दोन पीओ उघडे असतील तर अंदाजाने नंबर देऊ नका, त्यांनाच विचारा. चुकीच्या पीओवर बिल चढलं की एका ऑर्डरचे नग संपतात, दुसरीचे लटकतात, आणि हा गुंता नंबर नसलेल्या बिलापेक्षा जास्त दिवस पुरतो.

तुमचाच मेल मी असा लिहीन. नंबर आणि तारखा कल्पित आहेत.

> विषय : बिल INV-2207 परत – पीओ नंबर नाही, दुरुस्त बिल हवे
>
> नमस्कार,
>
> तुमचे १२ मार्चचे बिल INV-2207 आम्हाला १५ मार्चला मिळाले. त्यावर आमचा पीओ नंबर छापलेला नाही, त्यामुळे ते नोंदवता आले नाही. बिल सोबत परत जोडले आहे.
>
> चलन DC-914 नुसार या मालाचा पीओ नंबर 4500018362 आहे. तुमच्या नोंदीत वेगळा नंबर असेल तर बिल काढण्याआधी कळवा.
>
> हा नंबर बिलावर छापून नवीन पीडीएफ याच पत्त्यावर पाठवा. बिल नंबर तोच ठेवणार असाल तर वर ‘सुधारित’ असे लिहा. नवीन नंबराने बिल काढणार असाल तर INV-2207 रद्द केल्याची क्रेडिट नोट सोबत जोडा.
>
> दुरुस्त बिल २२ मार्चपर्यंत मिळाले तर या महिन्याच्या पेमेंटमध्ये घेता येईल. दर आणि नगांची पडताळणी दुरुस्त बिल मिळाल्यावर होईल.

‘अन्यथा पेमेंट करता येणार नाही’ हे वाक्य मी काढलं, त्याच्या जागी तारीख घातली. माल घेऊन झाला आहे, पैसे द्यायचेच आहेत, त्यामुळे ती धमकी तशीही पोकळच. तारीख मात्र पार्टीच्या कामाची असते. पण ती तुमच्या पुढच्या पेमेंटच्या दिवसावरून मागे मोजून काढलेली असावी. ‘क्रेडिट पिरियड दुरुस्त बिल मिळाल्यापासून मोजला जाईल’ असंही बरेच जण ठोकून देतात. पीओच्या अटींत तसं असेल तरच लिहा, नाही तर भांडणाचा फोन नक्की.

शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण ते ठेवा. बिल एका कारणासाठी परत गेलं की बाकी सगळं मंजूर झालं असं पार्टी धरून चालते. पुढे दर जुळला नाही म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा बिल परत केलंत, की ‘तेव्हाच का नाही सांगितलं?’ हा प्रश्न येतो, आणि तो रास्तही असतो.

बिल नंबराबद्दलची दोन वाक्यं मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एकदा मी नुसतं ‘दुरुस्त करून पाठवा’ असं लिहिलं. पार्टीने जुन्या नंबराला शेवटी एक A जोडून बिल पाठवलं, मी ते चढवलं. मूळ बिल माझ्या फोल्डरमध्येच राहिलं होतं. मी रजेवर असताना सहकाऱ्याला ते दिसलं, त्याने बिचाऱ्याने मेहनतीने पीओ शोधला आणि तेही चढवलं. त्या पीओवर पुढच्या खेपेचा मालही आलेला होता, त्यामुळे नग जुळले. आमची सिस्टीम दुबार बिल ओळखायची ती पार्टी आणि बिल नंबर बघून. त्या एका अक्षरामुळे तिच्या दृष्टीने ती दोन वेगळी बिलं होती. दोन्हींचे पैसे गेले, आणि परत मिळवायला तीन महिने लागले.

याची उलट बाजूही बघा. बिल परत करण्याआधी तुम्ही ते सिस्टीममध्ये अर्धवट नोंदवून ठेवलं असेल तर ती नोंद काढून टाका. नाही तर त्याच नंबराचं सुधारित बिल दुबार म्हणून अडकू शकतं आणि दोष पार्टीवर जाईल.

एका मेलमध्ये एकच बिल परत करा. चार बिलं एकत्र पाठवली की दोन दुरुस्त होऊन येतात आणि उरलेल्या दोनांचा माग काढत बसावं लागतं.

दुरुस्त बिल आलं की ते जुन्या पीडीएफशेजारी उघडून पाहा. पीओ नंबर, ‘सुधारित’ हा शब्द किंवा नवीन बिल नंबर, आणि फार तर तारीख, एवढाच फरक असायला हवा. बँक खात्याचा नंबर बदललेला दिसला, तर मेलला उत्तर देऊ नका आणि त्या बिलावरचा फोन नंबरही वापरू नका. तुमच्या पुरवठादार यादीत आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करा आणि खात्री होईपर्यंत ते बिल पेमेंटमध्ये घेऊ नका.