‘काना यक्तुबु’: लिहीत होता की लिहायचा?

*प्रश्न: अरबी शिकायला लागून सहा महिने झाले. पुस्तकात ‘काना यक्तुबु’चं इंग्रजी एका धड्यात ‘ही वॉज रायटिंग’ दिलंय, पुढच्या धड्यात ‘ही यूज्ड टु राइट’. ‘यक्तुबु’ तर वर्तमानकाळ ना? मग ‘काना’ लावल्यावर नक्की होतं काय, आणि इंग्रजीत कोणतं घ्यायचं हे कसं ओळखायचं?*

आधी लेखनाबद्दल एक खुलासा. अरबीत या शब्दाचा शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे, पण ‘कान’ लिहिलं की आपण कर्णेंद्रियच वाचणार, म्हणून इथे ‘काना’ लिहितो. मात्रेशेजारचा काना तो हा नव्हे!

गोंधळाचं मूळ ‘यक्तुबु’ला वर्तमानकाळ म्हणण्यात आहे. शिकवायला सोपं जातं म्हणून पुस्तकं तसं म्हणतात. खरं तर या रूपात काळ पक्का नाही. क्रिया संपलेली नाही, चालू आहे किंवा होत राहते, एवढंच ते सांगतं. ‘रअय्तुहु यक्तुबु’ म्हणजे ‘मी त्याला लिहिताना पाहिलं’. पाहणं कालचं, म्हणून लिहिणंही कालचंच. ‘यक्तुबु’ने स्वतः काळ सांगितला नाही, शेजारच्या क्रियापदाकडून उसना घेतला. आपल्या ‘लिहीत’सारखंच आहे हे. लिहीत आहे, लिहीत होता, लिहीत असेल; ‘लिहीत’ तेच राहतं आणि काळ पुढचा शब्द सांगतो. अरबीत तो शब्द आधी येतो आणि ‘काना’ आला की काळ भूत होतो. म्हणजे ‘काना’ काळ ठरवतो आणि ‘यक्तुबु’ क्रियेकडे आतून, ती चालू असताना बघतं.

फरक एक आहे. आपल्या ‘लिहीत’ला पुरुष नाही, वचन नाही. ‘यक्तुबु’ मात्र पूर्ण क्रियापद असल्यामुळे दोन्ही रूपं कर्त्याप्रमाणे बदलतात: मी असेन तर ‘कुन्तु अक्तुबु’, ती असेल तर ‘कानत तक्तुबु’. फसायला होतं ते अनेकवचनात. ‘मुलं खेळत होती’ हे ‘कानल अव्लादु यल्अबूना’ असं होतं. ‘काना’ कर्त्याच्या आधी आला म्हणून एकवचनीच राहिला, आणि ‘यल्अबूना’ कर्त्यानंतर आलं म्हणून अनेकवचनी झालं. मुलं आधी आणली तर ‘अल अव्लादु कानू यल्अबूना’, दोन्ही अनेकवचनी.

आता इंग्रजी. मराठीत आपण ‘लिहीत होता’ आणि ‘लिहायचा’ (किंवा जुन्या वळणाचं ‘लिहीत असे’) वेगळे ठेवतो. शाळेत पहिल्याला अपूर्ण भूतकाळ आणि दुसऱ्याला रीती भूतकाळ म्हणून शिकलो होतो. अरबीत दोन्हींसाठी ‘काना यक्तुबु’ हे एकच रूप. तेव्हा तुमच्या पुस्तकातले दोन्ही धडे बरोबर आहेत. निवड संदर्भ करतो. हे सुटं सांगून पटत नाही, म्हणून चार ओळी रचल्या आहेत:

काना जद्दी यस्कुनु फी कर्यतिन सगीरतिन. काना यस्तय्किझु कब्लल फज्रि व यश्रबुल कह्वता सुम्मा यख्रुजु इलल हक्लि. व झाता यौमिन, बैनमा काना यह्लिबुल बकरता, समिआ सौतन काना यअरिफुहु.

मराठीत: माझे आजोबा एका छोट्या गावात राहायचे. पहाटेच्या आधी उठायचे, कॉफी प्यायचे आणि शेतावर जायचे. एक दिवस गाईची धार काढत असताना त्यांनी ओळखीचा आवाज ऐकला.

‘काना’ चार वेळा आला आहे. इंग्रजी करायला बसलं की चारही ठिकाणी सारखा उपाय चालत नाही.

पहिलं वाक्य: ‘माय ग्रँडफादर लिव्ह्ड इन अ स्मॉल व्हिलेज’. साधा भूतकाळ. ‘वॉज लिव्हिंग’ म्हटलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, तात्पुरता मुक्काम होता, चार महिन्यांसाठी खोली घेतली होती वगैरे. ‘यूज्ड टु लिव्ह’ चालतं, पण त्यात ‘आता तिथे राहत नाहीत’ हा सूर येतो. अरबी ‘काना’ तेवढं सांगत नाही. क्रिया पुढे थांबली की चालूच राहिली, यावर तो गप्प असतो.

दुसरं वाक्य: ‘ही यूज्ड टु वेक अप बिफोर डॉन, ड्रिंक हिज कॉफी अँड गो आउट टु द फील्ड’. इथे नीट बघा: ‘काना’ फक्त ‘यस्तय्किझु’च्या आधी आहे. ‘यश्रबु’ आणि ‘यख्रुजु’ला तो पुन्हा लावलेला नाही, लावायची गरजही नाही. एकदा आलेला ‘काना’ साखळीतल्या पुढच्या सगळ्या क्रियापदांना पुरतो. नवशिके इथे हमखास चुकतात. पहिलं क्रियापद भूतकाळात नेतात आणि दुसऱ्यापासून ‘ही ड्रिंक्स, ही गोज’ सुरू करतात. लांब परिच्छेदात तर ‘काना’ पाच ओळी मागे राहिलेला असतो. अशा वेळी मागे जाऊन तो शोधायचा. साखळी तुटल्याची खूण म्हणजे क्रिया संपल्याचं सांगणारं भूतकाळाचं रूप, इथे ‘समिआ’, ऐकलं. ते आलं की रीत संपून घटना सुरू झाली.

या साखळीत ‘वुड’ही बसतं: ‘ही वुड ड्रिंक हिज कॉफी’. मला ते ‘यूज्ड टु’पेक्षा गोड वाटतं, आठवणी सांगताना तर विशेषच. पण सवयीचा संदर्भ आधी तयार झालेला हवा. एकदम ‘वुड’ने सुरुवात केली तर वाचणारा ‘प्यायला असता’ असं वाचू शकतो. आणि राहणं, असणं, माहीत असणं अशा स्थितींना सवयीच्या अर्थाने ‘वुड’ चालतच नाही.

तिसरं वाक्य: ‘व्हाइल ही वॉज मिल्किंग द काऊ’. ‘बैनमा’ म्हणजे ‘असताना’, आणि पुढे एकदाच घडलेलं ‘समिआ’. चालू क्रियेत मध्येच दुसरी टपकली की इंग्रजीचं ‘वॉज’ आणि ‘इंग’ हक्काचं. याउलट शेजारी ‘कुल्ला यौमिन’ (रोज) किंवा ‘कुल्लमा’ (जेव्हा जेव्हा) दिसलं तर ‘यूज्ड टु’कडे वळायचं.

चौथा ‘काना’ आपल्या लोकांना जड जातो. ‘काना यअरिफुहु’ हे ‘ही वॉज नोइंग इट’ नाही. ‘ही न्यू इट’, माहीत असणे या अर्थाचं ‘न्यू’. अरबीत ‘अरफा’ म्हणजे कळलं, ओळख पटली, त्या क्षणी घडलेलं. ‘काना यअरिफु’ म्हणजे ती ओळख आधीपासून होतीच. इंग्रजी या दोन्हींना बहुधा ‘न्यू’वर भागवते, कारण स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना ‘इंग’ लावणं तिला मानवत नाही. आपण ‘ओळखत होता’ बिनदिक्कत म्हणतो, म्हणून ‘वॉज नोइंग’ तोंडात येतं. ‘काना युरीदु’चंही तेच: ‘वॉन्टेड’, ‘वॉज वॉन्टिंग’ नव्हे.

याचा फटका मी प्रत्यक्ष पाहिला आहे. आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा अनुभवाचा दाखला अरबीत होता: ‘काना यअमलु लदैना’, म्हणजे ‘आमच्याकडे काम करत होते’, आणि पुढे रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख. भाषांतर करणाऱ्याने ‘यूज्ड टु वर्क विथ अस’ लिहून दिलं. व्याकरण चुकलेलं नाही, पण वाचताना वाटतं की अधूनमधून येऊन जाऊन असायचे. दोन्ही टोकांच्या तारखा दिल्या की इंग्रजीला साधं ‘वर्क्ड’ पुरतं. त्यांनी ते बदलून घेतलं.

‘काना’ म्हणजे सवय, हे समीकरण अरबी विद्वानांनीही फार पूर्वी तपासलं होतं. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, ‘पैगंबर असं करत’ या अर्थाची ‘काना’ची वाक्यं पुष्कळ आहेत, आणि त्यांतून नेहमीचा प्रघात काढायचा का, हा धर्मशास्त्राचा प्रश्न होतो. सीरियातले नववी (मृत्यू 1277) यांनी ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहाच्या भाष्यात म्हटलं की ‘काना’वरून सातत्य किंवा पुनरावृत्ती आपोआप सिद्ध होत नाही. पुरावा म्हणून त्यांनी पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांचं वाक्य घेतलं: ‘कुन्तु उतय्यिबु’, मी पैगंबरांना सुगंध लावत असे, इहराम म्हणजे यात्रेकरूवरचे निर्बंध सुटताना, काबेच्या तवाफच्या म्हणजे प्रदक्षिणेच्या आधी. आता आयेशांशी विवाह झाल्यानंतर पैगंबरांनी हज एकदाच केला. उमरा, म्हणजे हजहून छोटी यात्रा, धरावा म्हटलं तर तेही जमत नाही, कारण उमऱ्यात तवाफच्या आधी सुगंध चालतच नाही. म्हणजे ‘काना’ आणि ‘उतय्यिबु’ असूनही प्रसंग एकच! तरी इंग्रजीत या वाक्याला ‘आय यूज्ड टु’ लावलेलं दिसतं. सवयीने लावलेलं ‘यूज्ड टु’ इथे मूळ वाक्यापेक्षा जास्त बोलतं.

नकाराचंही विचाराल म्हणून आताच सांगतो, कारण तिथे बाजू उलटते. ‘लम यश्रब’ म्हणजे त्याने घेतली नाही, त्या वेळी. ‘लम यकुन यश्रबु’ म्हणजे तो घेत नसे, किंवा संदर्भ तसा असेल तर तो तेव्हा पीत नव्हता. अरबी आणि मराठी दोघीही ‘घेतली नाही’ आणि ‘घेत नसे’ यांत गल्लत करत नाहीत. इंग्रजीत दोन्हींना ‘ही डिडन्ट ड्रिंक’ म्हणता येतं. साक्षीपुरावा किंवा दवाखान्याचा कागद भाषांतरित करत असाल तर पहिल्याला ‘दॅट नाइट’सारखी वेळ जोडा आणि दुसऱ्याला सरळ ‘ही वॉज नॉट अ ड्रिंकर’ लिहा.