तीन दिवसांत आलेला म्हातारचळ

‘ताई, सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. तीन दिवसांपासून काहीबाही बोलतायत. मामंजी जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांचं ताट वाढा म्हणतात. रात्री दोनदा पडल्या. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, कुठं दुखत नाही. सगळे म्हणतात, म्हातारचळ लागला. आता हे असंच राहणार का? सांभाळायचं कसं?’

म्हातारपणाचा विसराळूपणा असा तीन दिवसांत येत नाही. तो वर्ष-दोन वर्षं हळूहळू वाढत जातो आणि घरच्यांना मागं वळून बघितल्यावर कळतं, की अरे, गेल्या दिवाळीपासूनच आई तेच तेच विचारत होती. तासांत किंवा दिवसांत माणूस बदललं, तर शरीरात काहीतरी बिघडलंय असंच आधी धरायचं. म्हणून ‘सांभाळायचं कसं’ हे मी बाजूला ठेवलं आणि फोनवरच काही गोष्टी विचारल्या. (घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे.)

घर तासगाव तालुक्यातलं. ऑक्टोबरची द्राक्षछाटणी सुरू होती. मुलगा-सून पहाटेच बागेत जायची आणि सासूबाई, म्हणजे सुनेच्या आत्या, दिवसभर घरी एकट्या असायच्या. मी पहिलं विचारलं, ‘गेल्या रविवारी त्या कशा होत्या?’

‘रविवारी? रविवारी डेअरीचं दहा दिवसांचं बिल आलं होतं. आत्यांनी लिटरचा आणि फॅटचा हिशेब तोंडी केला. दोन दिवसांचं दूध कमी लावलंय म्हणून ह्यांना परत पाठवलं.’

म्हणजे रविवारी डोकं लख्ख होतं आणि गुरुवारी मामंजींचं ताट. मग विचारलं, दिवसभर सारखंच असतं की कमी-जास्त होतं? सकाळी बऱ्या असतात, चहा मागून घेतात, म्हणाली. दिवस मावळला की सुरू होतं. कोपऱ्यात पोरं उभी दिसतात. मध्येच दुपारी हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत, नुसत्या पडून. मी म्हटलं, त्यांना वार उलटे म्हणायला सांगा, शनिवार, शुक्रवार असे. ‘शनिवार’ म्हणाल्या, मग ‘रविवार… बाजाराला जायचंय’ म्हणाल्या आणि गप्प झाल्या. लक्ष धरून ठेवता येत नव्हतं. अचानक सुरुवात, कमी-जास्त होणं आणि लक्ष न टिकणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. आरडाओरडा करणारा माणूस लवकर लक्षात येतो. दुपारी गपगार पडून राहणाऱ्याकडे ‘झोपू दे, दमलीय’ म्हणून दुर्लक्ष होतं, आणि तो प्रकार तितकाच गंभीर असतो.

लघवीबद्दल तिनं आधीच ‘जळजळ नाही’ सांगितलं होतं. मी जळजळीबद्दल परत विचारलंच नाही. विचारलं, लुगडं धुताना काही वेगळं वाटलं का? थोडा वेळ ती गप्प बसली आणि म्हणाली, ‘दोन दिवस लुगडं ओलं होतंय. संडास अंगणात आहे, तिथवर पोचेपर्यंत होतंय. त्या धावत जातात आणि पडतात.’ तिला ते सांगायला संकोच वाटत होता, पण पडण्याचं कारण तिथंच होतं. पाणी? ‘रात्री उठायला लागू नये म्हणून दुपारनंतर पीतच नाहीत.’ शौचाला पाच दिवस झाले नव्हते. सर्दीसाठी गावातल्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या, त्या आठवडाभर चालू होत्या. शुगर आणि बीपी दोन्ही जुनं, आणि रक्त पातळ ठेवायची गोळीही रोज.

तरुण बाईला लघवीचा संसर्ग झाला की उन्हाळी लागल्यासारखी आग होते, ओटीपोट दुखतं, ती स्वतःच दवाखाना गाठते. वय झाल्यावर शरीराची ही हाक मंदावते. ताप चढत नाही किंवा जेमतेम चढतो. जळजळ जाणवली तरी गोंधळलेल्या माणसाला ती सांगता येत नाही. संसर्गाशी झुंजताना शरीरात जी उलथापालथ होते, तिचा ताण मात्र म्हाताऱ्या मेंदूला लगेच सोसेनासा होतो. त्यातच रक्तदाब उतरला, पाणी कमी पडलं, तर पाय लटपटतात. मग घरच्यांना दिसतं ते एवढंच: बडबड आणि पडणं.

मी तिला सांगितलं, आजच न्या, उद्यावर ढकलू नका. शेजारच्या काकूंनी देवऋषाकडं जायचं सुचवलं होतं. मी म्हटलं, अंगारा लावा, माझी हरकत नाही, पण पहिली गाडी मिरजेला जाऊ दे. सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या, सर्दीची धरून. आणि डॉक्टरांना तीन वाक्यं नक्की सांगा: रविवारपर्यंत पूर्ण शुद्धीत होत्या, दोनदा पडल्या, रक्त पातळ करायची गोळी घेतात. शेवटची दोन एकत्र सांगणं फार गरजेचं असतं. पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साकळलं, तरी माणूस असाच गोंधळतो, आणि ते वरून दिसत नाही. त्या रात्रीपर्यंत जाग येईनाशी झाली असती, श्वास जोरात चालू लागला असता, बोलणं अडखळलं असतं किंवा तोंड एका बाजूला वळलं असतं, तर गाडीची वाट न बघता १०८ ला फोन करायला सांगितलं होतं.

मिरजेत तपासलं तेव्हा अंगात ताप ९९.२, म्हणजे घरी हात लावून कळणारच नाही इतकाच. पण नाडी १०८ आणि वरचा रक्तदाब ९८. एरवी त्यांचा १४० असायचा. डोक्याचा सीटी स्कॅन ठीक आला. शुगर २८६, रक्तातलं सोडियम १२८, म्हणजे बरंच कमी. ओटीपोटावर हात ठेवल्यावर त्या कण्हल्या. लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली, तर पिशवीत ३५० मिलिलिटर लघवी शिल्लक. सर्दीच्या त्या गोळीनं लघवीची पिशवी सुस्तावते, मेंदूही गुंगावतो. आतड्यात साठलेल्या मळाचा दाब वेगळा. लघवी तुंबली की जंतूंचं फावतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण घरोघरी ती उलटी समजली जाते. लघवीत जंतू सापडले म्हणजे आजाराचं कारण सापडलं, असं नसतं. घरी राहणाऱ्या, सत्तरीपुढच्या दहा बायकांपैकी एकीच्या तरी लघवीत जंतू असतात आणि तिला काहीही झालेलं नसतं. त्यांना औषध लागत नाही. म्हणून डॉक्टरांनी एका कागदावर भरवसा ठेवला नाही. पोट दुखणं, अचानक कपडे ओले होणं, रक्तदाब उतरणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढणं, हे सगळं जुळल्यावर त्यांनी लघवीचा संसर्ग धरला आणि सोडियम, शुगर, बद्धकोष्ठ, सर्दीची गोळी यांचाही बंदोबस्त त्याच वेळी केला.

अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी कल्चरसाठी लघवी घेतली. डोस गेल्यावर नमुना घेतला, तर बऱ्याचदा जंतू उगवत नाहीत आणि कुठलं औषध चालेल ते कळत नाही. नमुना घ्यायचीही रीत आहे. जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार लॅबनं दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची आणि डबी तासाभरात पोचवायची. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो, आणि आत्यांसारखी अवस्था असेल तर तोवर उपचार थांबवत नाहीत. त्यांच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय निघाला, आणि चालू केलेलं इंजेक्शन त्याला लागू पडणारं होतं.

दुसऱ्या रात्री सुनेचा रडवेला फोन आला. ‘माझ्या पाटल्या हिनं चोरल्या’ असं आत्या सगळ्या वॉर्डाला सांगत होत्या. बारा वर्षं ज्या बाईनं सगळं केलं, तिला हे ऐकावं लागत होतं. मी तिला म्हटलं, हे आत्यांचं मत नाही, हा आजार बोलतोय. ‘मी नाही घेतल्या’ म्हणून वाद घालू नका, समजूत पटणार नाही आणि त्या जास्त घाबरतील. ‘पाटल्या कपाटात आहेत, आपण घरी गेलो की बघू’ एवढंच म्हणा. हात बांधू देऊ नका, बांधल्यानं माणूस अधिक झुंजतो. चष्मा लावून द्या, दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा, जवळ बसणारी माणसं सारखी बदलू नका. झोपेची गोळी आपणहून मागू नका, तिनं गोंधळ वाढू शकतो.

संसर्ग आटोक्यात आला तरी डोकं त्याच दिवशी ताळ्यावर येत नाही. ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर घरचे ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून दवाखाना बदलतात. काहींना आठवडे लागतात, आणि ज्यांची आठवण आधीच कमी होत चालली होती ते पूर्वीइतके सावरतीलच असं नाही. आत्या चौथ्या दिवशी सुनेला नावानं ओळखू लागल्या, घरी आल्यावरही संध्याकाळी आठवडाभर थोड्या बावचळायच्या. पुढं त्यांना पाटल्यांचं बोललेलं अर्धवट आठवलं आणि त्या सुनेकडे बघेनात. तेव्हा मी घरी जाऊन दोघींना समोर बसवलं. आत्या म्हणाल्या, ‘मी काय बोलले गं?’ सून म्हणाली, ‘तापात बोललेलं कोण धरतं, आत्या.’ ताप नव्हता तो, पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

घरात बदल थोडेच केले. खाटेजवळ रात्री कमोडची खुर्ची आणि छोटा दिवा. पाण्याची वेळ सकाळ ते संध्याकाळ, झोपायच्या आधी दोन तास कमी. रोज किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं, कारण सोडियम कमी असताना किंवा हृदय-किडनीचा त्रास असताना नुसतं ‘भरपूर प्या’ धोक्याचं ठरतं. सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही. तिसरा दिवस कोरडा गेला की शौचाचं औषध.

मार्चमध्ये माल उतरताना सुनेचा पुन्हा फोन आला. लघवीला वास येतोय, रंग गडद आहे, मागच्या उरलेल्या गोळ्या देऊ का? वार उलटे विचारले, तर आत्यांनी फोन स्वतःकडे घेऊन शनिवारपासून रविवारपर्यंत बिनचूक म्हणून दाखवले. कपडे कोरडे होते, पोट दुखत नव्हतं, शुगर १४२. उन्हात पाणी कमी पडलं होतं. गोळ्या देऊ नका म्हटलं, ठरलेलं पाणी पूर्ण होतंय का बघा आणि दोन दिवस लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी रंग निवळला. उरलेल्या गोळ्या तिनं मेडिकलवाल्याला विचारून टाकून दिल्या.