इन्टॅन्जिबिलिटी की पेरिशेबिलिटी?

प्रश्न: सेवेची वैशिष्ट्ये पाठ आहेत, पण एमसीक्यूमध्ये उदाहरण दिलं की इन्टॅन्जिबिलिटी आणि पेरिशेबिलिटीत गोंधळ होतो. कसं ओळखायचं?

उत्तर: व्यवसायाचं नाव बाजूला ठेवा आणि अडचण कुठे आहे ते बघा. एकाच सेवेवर दोन्ही प्रश्न येतात.

कोथरूडमधलं एक सलून घ्या. तीन खुर्च्या, एका कटिंगला अर्धा तास. मंगळवारी दुपारी 2 ते 4 गिऱ्हाईकच नाही, म्हणजे 12 कटिंगची क्षमता वाया गेली. रविवारी सकाळी बाहेर रांग लागते, पण मंगळवारच्या त्या 12 जागा तेव्हा वापरता येत नाहीत. भाडं आणि पगार मात्र द्यावेच लागतात. ही पेरिशेबिलिटी. मार्केटर इथे मागणी हलवतो (दुपारी सवलत, रविवारी अपॉइंटमेंट) किंवा क्षमता हलवतो (रविवारपुरता जादा कारागीर). पर्यायांत ‘साठा वाढवणे’ दिसलं की सरळ खोडा. आणखी एक खाच: मागणी कायम सारखी असेल तर पेरिशेबिलिटी फारशी नडत नाही, ती नडते चढउतारात. ‘सिझन’, ‘गर्दीची वेळ’, ‘रिकाम्या सीट’ हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे.

आता त्याच सलूनमध्ये नवीन माणूस दारात घुटमळतोय, कारण कट कसा होईल हे आधी पारखता येत नाही. ही इन्टॅन्जिबिलिटी. इथे उत्तर पुराव्याचं असतं: आधी-नंतरचे फोटो, स्वच्छ जागा, गणवेश, रिव्ह्यू.

दोन कारागिरांचा हात वेगळा पडतो, असं लिहिलं असेल तर मात्र व्हेरिएबिलिटी.