पाणी सहाला येतं

"टाइमटेबल केलं की दोन दिवसांत मोडतं. नुसती यादी केली तर सोपं तेवढं होतं आणि फिजिक्स राहतं. बारावीची परीक्षा महिन्यावर आलीय, नेमकं धरायचं काय?"

जानेवारी उजाडला की हा प्रश्न येतोच. एका वर्षी परळच्या चाळीतल्या दोन मैत्रिणी तो घेऊन आल्या, भांडतच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पहिलीने तक्ता उलगडला. सकाळी सहा ते रात्री अकरा, चार रंगांची स्केचपेनं, एकही चौकट रिकामी नाही.

"तीन आठवड्यांतला हा पाचवा," दुसरी म्हणाली. "आत्या आली, चारचं फिजिक्स बुडालं, की बाईंचा अख्खा दिवस गेला."

"आणि तुझी यादी? जर्नलवर टिक, 'फिजिक्स करणे' मात्र रोज पुढच्या पानावर!"

दोघी खरं बोलत होत्या, एकमेकींबद्दल.

"चारला नाही जमलं, तर साडेपाचला का नाही बसलीस?" मी विचारलं.

"चारलाच ठरलं होतं ना!"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांत घडलेली; 'असंच व्हायला हवं' हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं ते सांगत. असा 'च' माझ्या कानाला लगेच टोचतो. तिला वाटत होतं वेळ मोडली. खरं तर हट्ट मोडला होता.

मग दोघींना तीन दिवस प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहायला सांगितलं: किती वेळ लागेल वाटलं आणि किती लागला. रोटेशनल डायनॅमिक्सची पाच गणितं, अंदाज एक तास; लागला एक तास चाळीस मिनिटं. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच ही माणसाची खोड दाखवली होती. अंदाज करताना आपण पूर्वीचा अनुभव बाजूला ठेवतो आणि काहीच आडवं न येणारा दिवस धरतो.

आकडे बघता बघता दुसरी म्हणाली, "अगं, तुझ्या तक्त्यात सहाला केमिस्ट्री आहे. सहाला तर पाणी येतं!"

"पाणी कशाला लिहायचं? ते भरलं जातंच."

दोघी गप्प झाल्या. मीही. कितीतरी दिवस मी जे समजावू पाहत होते, ते त्यांच्याच मोरीत सापडलं! पाणी भरायला कुणी मूड बघत नाही, आणि ते उरकलं की बाकीची कामं इकडेतिकडे सरकली तरी चालतात.

मग एवढंच ठरवलं. पाणी भरून झालं की लगेच, फोन हातात घेण्याआधी, टाळला जाणारा विषय दीड तास. बाकी सगळं यादीत, पण 'फिजिक्स करणे' असं नाही. 'पाच गणितं' असं, म्हणजे संपलं की कळेल. आणि संध्याकाळी एक तास मोकळा, सांडलेलं भरून घ्यायला. बुडालेलं तिथे जातं, तक्ता पुन्हा काढायचा नाही. तो तास रोजच भरून वाहू लागला, तर यादीतली कामं कमी करायची. दीड तास नेमाने बसूनही तोच धडा अडला, तर प्रश्न वेळेचा नाही, सरांकडे जायचं.

दहा दिवसांनी पहिली आली. तक्त्यात आता दोनच चौकटी रंगवलेल्या होत्या. आत्या परत येऊन गेली होती म्हणे, आणि त्या दिवशीची गणितं संध्याकाळच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेली होती.