ऑक्सिमीटर कधी 89, कधी 96 : खरा आकडा कोणता?

प्रश्न: सासूबाईंना फ्लू होऊन तीन दिवस झाले. इथे ग्वाल्हेरात कडाक्याची थंडी. ऑक्सिमीटर सकाळी 89 दाखवतो, थोड्या वेळाने 96. कोणता खरा मानू? आणि दवाखान्यात कधी न्यायचं?

उत्तर: ताई, सासूबाईंना बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा त्या असंबद्ध बोलत असतील, तर आकडा तपासत बसू नका, 108 ला फोन करा.

तसं नसेल, तर 89 बहुधा गार बोटांचा असावा. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं आणि नाडीबरोबर उसळणाऱ्या रक्तावरून ऑक्सिजन मोजतं. थंडीत बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी यंत्राला नीट सापडत नाही आणि आकडा भरकटतो. म्हणून आधी हात कोमट पाण्याने गरम करून पुसा, नेलपॉलिश काढा, मेंदी लागलेलं बोट टाळा. पाच मिनिटं स्वस्थ बसवून मगच लावा. आकडा निदान मिनिटभर स्थिर राहू द्या. त्याच वेळी मनगटाची नाडी मोजा. यंत्र 60 म्हणतंय आणि हाताला 96 लागतेय, तर त्याचा ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. दुसरं बोट बघा.

असा नीट घेतलेला आकडा 95 किंवा वर असेल तर ठीक. 93-94 वर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. 92 किंवा खाली टिकून राहिला तर लगेच न्या, रात्र असली तरी. दमा-सीओपीडीचा जुना आजार असेल तर त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, तो डॉक्टरांकडून विचारून ठेवा. सावळ्या त्वचेवर यंत्र दोन-तीन अंक जास्तही दाखवू शकतं, त्यामुळे 94 वर निर्धास्त होऊ नका.

आता मला जास्त काळजी वाटते ती चांगल्या आकड्याची. 97 आणण्यासाठी शरीर किती झगडतंय, हे यंत्राला कळत नाही. त्यांच्या लक्षात येऊ न देता छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. विश्रांतीत मोठ्या माणसाचे श्वास साधारण 12 ते 20 असतात. समजा यंत्र 97 दाखवतंय, पण श्वास 28 आहेत आणि एक वाक्य पुरं करताना त्या मध्ये थांबतायत, तर 97 विसरा आणि न्या. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तरी तेच. फ्लूनंतरचा न्यूमोनिया असाच येतो.

आणि खोली बंद करून शेगडी पेटवत असाल तर आधी ती बाहेर काढा. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटतो आणि यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून 98 दाखवतं. घरात एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर फ्लूच आहे असं धरू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि डॉक्टरांना शेगडीचं आवर्जून सांगा.