१० एचपीच्या चक्कीला एका क्विंटलमागे लाईट किती लागते?

"गावात पिठाची गिरणी टाकायची आहे. मोटर १० एचपी घेणार. एक क्विंटल दळायला किती युनिट जातील आणि खर्च किती पडेल?"

आमची चक्की एरंडोलकडे आहे, मोटर १० एचपीचीच, दळण जास्त करून गहू आणि दादर ज्वारी.

आधी एक लक्षात घ्या, १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट हे मोटरच्या शाफ्टवर मिळतं, फुल लोडला ती लाईनमधून साडेआठच्या आसपास ओढते. पण चक्की कायम फुल लोडवर नसते. थ्री फेजला आमचा अँपिअर मीटर गहू दळताना १२ च्या आसपास असतो, म्हणजे तासाला साधारण सव्वासात युनिट. पोळीचं बारीक पीठ काढलं तर क्विंटलला पन्नासेक मिनिटं लागतात, म्हणजे झाले ६ युनिट. भरड दळलं तर त्याहून कमी. युनिट ९ रुपये धरलं तर ५४ रुपये, किलोला ५४ पैसे. तुमचा दर मात्र बिलावरून काढा, फिक्स चार्जसकट एकूण रक्कम भागिले युनिट.

पण हा हिशोब सलग पोतं दळलं तरचा आहे आणि गावात सलग पोतं कोण आणतं? १०-१० किलोचे डबे येतात. डबा बदलायचा, पीठ झटकायचं, बाई म्हणणार भाऊ जरा बारीक करा, यात डब्यामागे ३ मिनिटं गेली तरी क्विंटलला अर्धा तास चक्की रिकामी फिरते, तेवढ्यात अजून एखादं युनिट जातं. रिकाम्या चक्कीला अँपिअर ५-६ दिसतात म्हणून निम्मी लाईट जाते असं समजू नका, तेव्हा पॉवर फॅक्टर पडलेला असतो, खरी युनिट त्यापेक्षा बरीच कमी. म्हणून अँपिअरवरून नाही तर लाईट मीटरचं रीडिंग दळणाच्या आधी आणि नंतर घेऊनच हिशोब करा. एका पोत्यावर आकडा नीट कळत नाही, ४-५ क्विंटलचं एकदम घ्या.

खरा खड्डा पडतो तो दगडामुळे. दगडाची टाकी गेली, म्हणजे त्यावरच्या खाचा झिजल्या, की अँपिअर तेवढेच राहतात पण माल हळू पडतो, पन्नास मिनिटांचं काम सव्वा तासावर जातं, म्हणजे ६ चे ९ युनिट, क्विंटलमागे २७ रुपये जास्त. ओळखायचं सोपं आहे, खालून येणारं पीठ हाताला चटका लागेल इतकं गरम लागतं आणि दगड घट्ट केल्याशिवाय बारीक येत नाही. मग वेळ न घालवता टाकी लावून घ्या. पण पीठ गार, माल मात्र कमी आणि पट्ट्याला जळका वास असेल तर दगड नका उचलू, पट्टा सरकतोय, आधी तो ताणा. ओला गहू असला तरी माल हळूच पडतो, गिऱ्हाईकाला सांगा बापा एक दिवस उन्हात टाक.