बिनपगारी रजेच्या मेलमध्ये परतायची तारीख लिही

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन महिने हवेत ना? मग हिंजवडीच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता विषय काढू नकोस. मॅनेजरची वेळ घे, बोल आणि त्याच संध्याकाळी मेल टाक. ‘साधारण तीन महिने’ नको. ‘१ जूनपासून रजा, १ सप्टेंबरला रुजू’ असं लिही. फिजिओ लांबली तर १० ऑगस्टपर्यंत कळवेन, हेही.

काम कोण सांभाळणार ते त्या सहकाऱ्यांना विचारूनच लिही. मी न विचारता एकीचं नाव टाकलं, तर तिचीच रजा आधी ठरलेली! निघण्यापूर्वी दोन आठवडे त्यांना करू दे, तू नुसता बघ. काय अडतं ते तेव्हाच कळतं.

मेडिक्लेम चालू राहील का, हे एचआरकडून लेखी घे. बिनपगारी महिन्यांत पीएफ जमा होत नाही, घराचा हप्ता मात्र जातोच.